आधी पट्ट्याची रेघ, मग खिसे: सत्तरच्या दशकातला ड्रिलचा सफारी कसा शिवावा

सफारीचं जाकीट बिघडतं ते बहुतेक वेळा खिशांपाशी. कापड चांगलं असतं, कॉलर नीट बसलेली असते, खांदे मापात असतात आणि तरीही अंगात घातल्यावर काहीतरी खटकतं. नीट पाहिलं तर खालच्या खिशाचा फ्लॅप पट्ट्याखाली अर्धा दडलेला असतो, किंवा छातीचे खिसे इतके खाली आलेले असतात की वरचा खिसा, पट्टा आणि खालचा खिसा हे तिन्ही पोटावरच गर्दी करतात. याचं कारण साधं आहे. शर्टाचा खिसा आपण खांद्यापासून मोजून लावतो आणि कोटाचा खालचा खिसा तळापासून वर मोजून. सफारीत हे दोन्ही हिशेब वेगवेगळे केले की मधल्या पट्ट्याला जागा उरत नाही. म्हणून इथे उलट क्रमाने जायचं: कंबरेवर पट्ट्याची रेघ आधी ठरवायची आणि चारही खिसे तिच्यापासून वर आणि खाली मोजायचे.

या लेखात तीच पद्धत एका मापावर पूर्ण करून दाखवली आहे. पेपर कटिंग करता येणाऱ्या, निदान शर्ट शिवलेल्या माणसासाठी हे लिहिलं आहे. गळा आणि खांदा कसा आखायचा हे इथे नाही. तुमच्याकडचं सैल शर्टाचं कटिंग त्यासाठी पुरेसं आहे.

कशाला सफारी म्हणायचं

या कपड्याचं मूळ उष्ण प्रदेशांतल्या ब्रिटिश फौजेच्या खाकी ड्रिलच्या गणवेशात आहे. चार मोठे खिसे, कापडी पट्टा, खांद्यावर बटणाच्या पट्ट्या हे सगळं तिथून आलं आणि शिकारी व प्रवासी लोकांनी ते उचललं. १९६८ च्या सुमारास इव्ह सां लोराँने स्त्रियांसाठी सफारी जाकीट आणलं, ते गाजलं, आणि पुढच्या दहा वर्षांत पुरुषांचा सफारी सूट कचेरीपासून मेजवानीपर्यंत सगळीकडे पोचला. त्या काळच्या सूटची ओळख अशी: छातीवर दोन आणि खाली दोन असे चार बाहेरून लावलेले खिसे, त्यांना फ्लॅप आणि बटण, लांब टोकांची उघडी कॉलर, अर्धी बाही, कंबरेला त्याच कापडाचा पट्टा आणि त्याच कापडाची पँट. आत वेगळा शर्ट नाही, टाय नाही.

खरं सांगायचं तर सत्तरच्या दशकात विकले गेलेले बरेचसे सफारी पॉलिएस्टरच्या मिश्र कापडाचे होते. ते चुरगळत नसत, पण उकाड्यात अंगाला चिकटत. सुती ड्रिलमध्ये शिवलेला सफारी चुरगळतो, धुऊन धुऊन फिका होतो, मात्र त्याचे खिसे उभे राहतात. मला तो सौदा मंजूर आहे.

बुशशर्ट हा याचाच हलका भाऊ. त्याला पट्टा नसतो, तळ सरळ असतो, बाजूंना छोटे कट असतात आणि तो पँटच्या बाहेर ठेवूनच घालतात. त्याचं वेगळं गणित शेवटी येईल.

कापड: ड्रिल ओळखणं आणि आटवणं

ड्रिलच्या सुलट बाजूवर बारीक तिरप्या रेघा दिसतात आणि उलट बाजू त्या मानाने सपाट असते. विणताना उभा धागा दोन आडव्या धाग्यांवरून जातो आणि एकाखालून, म्हणून सुलट बाजूवर उभ्या धाग्याचंच राज्य असतं. या रेघा बहुतेक ड्रिलमध्ये खालून उजवीकडून वर डावीकडे चढतात. कापड हातात घेतल्यावर लगेच खडूने उलट बाजूवर वरच्या दिशेचा बाण काढून ठेवा, कारण धुतल्यावर आणि तुकडे कापल्यावर सुलट-उलट आणि वर-खाली यांचा घोळ होतो. खिशाचा एक तुकडा उलटा लागला की उन्हात तो वेगळ्या छटेचा दिसतो. घरातल्या दिव्याखाली हे कळतही नाही.

जाडी मध्यम घ्या. चौरस मीटरला २०० ते २४० ग्रॅमचं ड्रिल अर्ध्या बाहीच्या सफारीला उत्तम. ३०० ग्रॅमच्या पुढे गेलात तर खिशाच्या कोपऱ्यांवर घरगुती मशीन अडेल आणि अर्धी बाही हातावर कडक नळीसारखी उभी राहील.

५८ इंची पन्ह्याच्या कापडात आपल्या नमुन्याच्या मापाचं जाकीट सव्वादोन मीटरमध्ये बसतं. आटण्याचा हिशेब धरून अडीच मीटर घ्या. पँटही करायची असेल तर एकूण ४ मीटर, आणि दोन्हीचं कापड एकाच ताग्यातलं असू द्या.

आता आटण्याची परीक्षा. कापडाच्या कोपऱ्यावर उभा-आडवा ५० सेंटीमीटरचा चौकोन न पुसल्या जाणाऱ्या खुणेने आखा. सगळं कापड कोमट पाण्यात रात्रभर बुडवा, नंतर तुम्ही कपडे नेहमी जसे धुता तसं धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि चौकोन पुन्हा मोजा. आधीच आटवून बाजारात आलेलं कापड अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास कमी होईल. न आटवलेलं ड्रिल उभ्या बाजूला ५० चं ४७½ सहज होतं, म्हणजे पाच टक्के. तसं झालं तर कापड आणखी एकदा धुऊन परत मोजा, कारण काही कापडं पहिल्या धुण्यात पूर्ण आटत नाहीत.

ही पायरी गाळली तर काय होतं ते बघा. २९½ इंच उंचीचं जाकीट पाच टक्के आटलं की दीड इंच तोकडं होतं. ते एक वेळ चालेल. पण खांद्यापासून १७ इंचांवर असलेली पट्ट्याची वरची कड पाऊण इंचाहून जास्त वर सरकते, तुमची कंबर मात्र जागच्या जागीच असते. पट्टा मग फासळ्यांवर चढलेला दिसतो आणि त्याला काही इलाज नसतो.

दोरा पॉलिएस्टरचा वापरा. सुती दोरा कापडानंतर वेगळ्या प्रमाणात आटतो आणि दुहेरी टिपांवर चुण्या पडतात. मशीनला १६ नंबरची सुई लावा आणि वरून दिसणाऱ्या टिपांसाठी इंचाला आठ टाके ठेवा. शर्टाला घालतो तसे बारीक टाके ड्रिलवर दबून जातात.

माप आणि पट्ट्याची रेघ

नमुना म्हणून हा माणूस घेऊ: उंची ५ फूट ८ इंच, छाती ४०, कंबर ३६, सीट ३९. ड्रिल ताणलं जात नाही, म्हणून छातीला ५ इंच सैल धरा, तयार माप ४५. सीटला ५ इंच, तयार माप ४४. कंबरेला पट्टा सोडलेला असताना ४२ ठेवा. कंबर याहून आत घेण्याचा मोह होतो, पण मग जाकिटाला आधीच आकार येतो आणि पट्टा नुसता शोभेचा उरतो.

कंबर शोधायला कमरेभोवती एक दोरी सैल बांधा आणि माणसाला दोन्ही बाजूंना वाकायला सांगा. दोरी ज्या खोलगट जागी स्थिरावते ती खरी कंबर. पँटचा पट्टा जिथे असतो ती कंबर धरू नका, ती दीड-दोन इंच खाली असते. आता गळ्यालगत खांद्याचा जो सर्वांत वरचा बिंदू आहे तिथून छातीवरून सरळ खाली दोरीपर्यंत मोजा. आपल्या माणसाचं हे माप १७½ येतं. पट्टा दोन इंच रुंद ठेवायचा आणि त्याचा मध्य कंबरेच्या अर्धा इंच खाली आणायचा, म्हणजे पट्ट्याची वरची कड १७ वर आणि खालची कड १९ वर. पट्टा कंबरेच्या किंचित खाली बसला की बसल्या-उठल्यावर तो वर चढत नाही.

पुढ्याच्या कटिंगवर या दोन आडव्या रेघा लाल पेन्सिलने काढा. पुढची सगळी मापं त्याच वरच्या बिंदूपासून खाली मोजलेली आहेत.

खालचा खिसा आधी घ्या. पट्ट्याच्या खालच्या कडेपासून फ्लॅपपर्यंत एक इंच मोकळं कापड दिसलंच पाहिजे, म्हणून फ्लॅपची वरची टीप २० वर. फ्लॅपच्या टिपेखाली अर्धा इंच सोडून खिशाचं तोंड, म्हणजे २०½. खिशाची उंची ७½, त्यामुळे खिशाचा तळ २८ वर येतो. जाकिटाची उंची २९½ आणि तळाची दुमड एक इंच, म्हणजे दुमडीची टीप २८½ वर. खिसा आणि तळाची टीप यांत अर्धा इंच उरतो आणि तो हवाच. खिशाचा तळ दुमडीच्या टिपेवर चढला तर तिथे कापडाचा गठ्ठा होऊन तळाचा काठ बाहेर वळतो.

आता वर. छातीच्या खिशाचा तळ आणि पट्टा यांत दीड इंच मोकळा ठेवा, म्हणजे तळ १५½ वर. खिशाची उंची ५¾, तोंड ९¾ वर, फ्लॅपची टीप ९¼ वर. वरच्या खिशाखाली दीड इंच आणि खालच्या खिशावर एक इंच, असा हा फरक मुद्दाम आहे. पट्टा बांधल्यावर वरचं कापड थोडं फुगून पट्ट्यावर उतरतं आणि दिसताना दोन्ही जागा सारख्या होतात.

आडव्या दिशेला चारही खिशांची आतली कड पुढ्याच्या मध्यरेषेपासून २¼ इंचांवर एकाच उभ्या रेषेत घ्या. छातीचा खिसा ५¼ रुंद, त्यामुळे त्याची बाहेरची कड ७½ वर येते आणि मुंढ्याच्या शिलाईपर्यंत पाऊण इंच उरतो. खालचा खिसा ७ रुंद, बाहेरची कड ९¼ वर, आणि बाजूची शिलाई ११ वर. काही जण वरच्या आणि खालच्या खिशांचे मध्य एका रेषेत आणतात. तसं केलं तर खालचा खिसा बटणपट्टीला खेटतो आणि पोट मोठं दिसतं.

तळापासून मोजायच्या सवयीने काय होतं ते याच मापावर पाहा. समजा खिसा आठ इंच उंच घेतला आणि तळापासून दोन इंच वर लावला. तोंड १९½ वर येईल आणि फ्लॅपची टीप १९ वर, नेमकी पट्ट्याच्या खालच्या कडेवर. माणूस पहिल्यांदा खाली बसला की पट्टा फ्लॅपवर चढणार.

बुटक्या माणसासाठी फक्त जाकीट तोकडं करून भागत नाही, खिसेही लहान करावे लागतात. उंची ५ फूट ३ इंच असेल तर पट्टा १¾ रुंद घ्या, तो १६ ते १७¾ मध्ये बसवा, खालचा खिसा ६¾ आणि छातीचा ५¼ उंच ठेवा आणि जाकिटाची उंची २७½ करा. मोकळ्या जागा मात्र तशाच राहू द्या. पट्ट्यावर दीड आणि खाली एक.

पोट छातीपेक्षा पुढे असेल तर पूर्ण पट्टा करूच नये. तो पोटाच्या खाली घसरतो आणि सगळा हिशेब कोसळतो. अशा वेळी पट्टा फक्त पाठीवर, एका बाजूच्या शिलाईपासून दुसरीपर्यंत शिवून टाका. सत्तरच्या दशकातल्या शिंप्यांनीही हाच मार्ग धरला होता. पुढ्यावर पट्ट्याची रेघ तरीही कटिंगवर काढा, कारण खिसे तिच्यावरूनच ठरतात.

खिसा शिवणं

छातीच्या खिशावर मधोमध उभी बॉक्स प्लीट येते. वरून सव्वा इंच दिसणाऱ्या प्लीटला अडीच इंच जादा कापड लागतं. त्यामुळे कापायची रुंदी अशी: ५¼ खिसा, २½ प्लीट आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया, एकूण ८¾. उंची: ५¾, तोंडाच्या दुमडीला १¼ आणि तळाला ½, एकूण ७½. उभा धागा खिशात आणि पुढ्यात एकाच दिशेने ठेवा, खडूचे बाण जुळवा.

प्लीट इस्त्रीने घाला आणि वर-खाली कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा. वरचा सव्वा इंच आत दुमडून एक इंचावर टीप मारा, म्हणजे तोंडाची पट्टी तयार होते. प्लीट तोंडापाशी या टिपेत पकडली जाते, तळाशी शिलाईत, आणि मधे मोकळी राहते. खिशात काही ठेवल्यावर ती उघडते आणि काढल्यावर मिटते. प्लीटच्या दोन्ही कडांवर उभ्या टिपा मारून ती कायमची बंद केलेले खिसे दिसतात. दिसायला ते स्वच्छ असतात, पण मग प्लीट घालायचं कारणच राहत नाही.

खिशाला आकार द्यायला जाड पुठ्ठ्याचा नेमका ५¼ बाय ५¾ चा तुकडा कापा आणि त्याचे खालचे दोन्ही कोपरे अर्धा इंच तिरपे छाटा. कापड त्यावर उलटं ठेवून माया पुठ्ठ्यावर वळवा आणि वाफेची इस्त्री दाबा. गोल कोपऱ्यांपेक्षा तिरपे कोपरे ड्रिलमध्ये सोपे, कारण जाड कापडाची माया गोलाईत चुण्या करते आणि त्या इस्त्रीने दबत नाहीत. दोन्ही प्रकार त्या काळात होते, तेव्हा उगाच अवघड निवडू नका.

खरी अडचण प्लीटच्या तळाशी येते. तिथे प्लीटचे तीन थर, वळवलेल्या मायेचे तीन आणि खालचा पुढा असे सात थर एकावर एक येतात. मशीन तिथे टाके चुकवतं, सुई वाकते, आणि मशीनला जमलंच तरी खिशाच्या मधोमध एक टेंगूळ राहतं. माया वळवण्याआधी तिच्यातले प्लीटचे आतले दोन थर शिलाईच्या रेषेपासून सूतभर सोडून कात्रीने काढून टाका. थर सातावरून पाचावर येतात. मग कापडाच्या तुकड्यात गुंडाळून त्या जागेवर लाकडी हातोडीचे चार-पाच ठोके द्या. शिवताना तेवढ्या अर्ध्या इंचात चाक हाताने फिरवा.

पुढ्यावर खिसा लावण्याआधी उलट बाजूने खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांखाली इंचभर रुंद ड्रिलचा किंवा पॉपलिनचा तुकडा ठेवा. खिसा फाटतो तो इथेच, आणि फाटताना पुढ्याचं कापड घेऊन जातो. पहिली टीप कडेपासून सूतभर आत, दुसरी पाव इंचावर. तोंडाच्या टोकांना दोन्ही टिपा जोडणारे आडवे घट्ट टाके घाला.

फ्लॅप खिशापेक्षा पाव इंच रुंद हवा, म्हणजे वरचा ५½ आणि खालचा ७¼. बरोबर मापाचा फ्लॅप इस्त्रीनंतर आणि पहिल्या धुण्यानंतर थोडा आक्रसतो आणि खिशाचे कान दोन्ही बाजूंनी डोकावू लागतात. फ्लॅपची आतली बाजू ड्रिलची न करता त्याच रंगाच्या पॉपलिनची करा आणि ती बाहेरच्या बाजूपेक्षा सूतभर लहान कापा. मग फ्लॅपची टोकं आपोआप आत वळलेली राहतात. उलट झालं, म्हणजे आतलं कापड मोठं निघालं, तर टोकं वर उचलली जातात आणि कितीही इस्त्री केली तरी तासाभरात पुन्हा उठतात. फ्लॅपचं काज उभं घ्या आणि बटण १५ मिलिमीटरचं. छातीचा फ्लॅप सव्वादोन इंच खोल, खालचा अडीच.

खालच्या खिशाची रीत हीच आहे, फक्त प्लीट दीड इंच दिसेल अशी घ्या. बाजूंना पट्टी लावून फुगवलेले खिसे शिकारी जाकिटांना असतात. त्यात काडतुसं जायची, म्हणून त्यांना अर्थ होता. पट्ट्याखाली ते दोन्ही मांड्यांवर पेट्यांसारखे दिसतात. मी ते टाळतो.

पट्टा

पट्ट्याची लांबी तयार कंबरेच्या मापात ६ इंच मिळवून: ४२ आणि ६, म्हणजे ४८. कापायची रुंदी ५ इंच, आत दोन इंची बकरम. पट्टा नेहमी उभ्या धाग्यावर कापा. कापड वाचवायला आडवा किंवा थोडा तिरका कापलेला ड्रिलचा पट्टा दोन धुण्यांत पिळवटतो.

कडांवर आणि मधे मिळून पट्ट्याला चार-पाच समांतर टिपा येतात. सगळ्या टिपा एकाच टोकापासून सुरू करा. एक टीप जाताना आणि दुसरी येताना मारली की मशीन वरचं कापड दोन उलट दिशांना ढकलतं आणि टिपांच्या मधे तिरप्या लाटा उठतात. टीप मारून झाल्यावर त्या काढता येत नाहीत.

पट्टा अडकवायचे लूप पाच: दोन बाजूच्या शिलायांवर, एक पाठीच्या मध्यावर आणि दोन त्यांच्या मधे. पुढ्यावर लूप लावू नका, ते खिशांच्या मधल्या मोकळ्या जागेत घुसतात. लूपची मोकळी उंची सव्वादोन इंच. बकल त्याच कापडाने मढवलेलं किंवा साधं धातूचं, पण ज्यात पट्टा सरकवून अडकवता येतो असं घ्या, कारण भोकं पाडलेला कापडी पट्टा भोकांपाशी फाटतो.

पट्टा बांधल्यावर ४२ चं जाकीट ४० पर्यंत यावं, त्याहून आवळू नये. याची खूण खालच्या खिशांत दिसते. पट्टा जास्त आवळला की खिशांची तोंडं मध्यरेषेकडे झुकतात आणि तळ बाहेर फाकतात. पट्टा सैल असतानाही खिसे तसेच फाकत असतील तर दोष पट्ट्याचा नाही, सीटचं माप कमी पडलं आहे. बाजूचे कट ७ इंचांचे ठेवून पाहा. तरीही फरक पडला नाही तर बाजूच्या शिलाईतली माया सोडावी लागेल, म्हणून तिथे ती एक इंच ठेवलेली बरी.

पुढची बटणंही पट्ट्यावरूनच ठरतात. खांद्याच्या त्याच बिंदूपासून ७½, ११½, १५½ वर तीन बटणं, मग पट्टा, आणि खाली २०½ वर चौथं. पट्ट्याच्या मागे बटण ठेवू नका. बकल त्याच्यावर बसून पुढे उचललं जातं आणि त्याच्या घर्षणाने बटणाचा दोरा झिजतो.

अर्धी बाही

सत्तरच्या दशकातली बाही आजच्या टी-शर्टापेक्षा लांब आणि सैल होती. आपल्या माणसाला खांद्याच्या शिलाईपासून १० इंच घ्या, म्हणजे कोपराच्या वर साधारण साडेतीन इंच राहतात. दंड १३ इंच असेल तर मोहरी १६. मोहरी १८ झाली की कडक ड्रिलमध्ये बाही पंखासारखी बाजूला उभी राहते.

बाहीचा वरचा गोल उथळ ठेवा, पावणेपाच इंचांच्या आसपास. मुंढ्यापेक्षा बाहीचा गोल अर्ध्या इंचाहून जास्त लांब नसावा, कारण ड्रिलमध्ये जादा कापड मुरवता येत नाही, त्याच्या चुण्याच होतात.

बाहीला बाहेर वळवलेला दोन इंची कफ असतो आणि तिथे एक हमखास चूक होते. बाही खाली निमुळती होत जाते, म्हणून कफासाठी खाली तशीच सरळ कापडाची वाढ सोडली तर वळवल्यावर ती वरच्या जास्त रुंद भागावर पुरत नाही आणि बाहीला आवळते. पेपर कटिंगवर मोहरीची घडी घाला, कफ जसा वळवायचा तसा कागद वळवा आणि घडी तशीच ठेवून बाजूच्या रेषेवर कापा. उघडल्यावर मोहरीखालचा कागद बाहेर फाकलेला दिसेल. तेच बरोबर आहे.

बाकीचं झटपट

कॉलरची टोकं साडेतीन इंच, आत पातळ बकरम. जाड बकरम घातलं तर उघडी कॉलर छातीवर पडत नाही, उभी राहते. खांदेपट्टी दीड इंच रुंद, मुंढ्याच्या शिलाईत पकडायची आणि गळ्याकडे बटणाने लावायची. पाठीवर योक, त्याखाली मधोमध प्लीट, ती पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत मोकळी आणि खाली बंद. पँटला खालून घेर हवा असेल तर गुडघ्यापेक्षा मोहरी दोन इंच जास्त ठेवा. ड्रिल जड असल्यामुळे त्याहून मोठा घेर पायात घोटाळतो.

शिवणीचा क्रम: खिसे आणि फ्लॅप पुढ्यावर सर्वांत आधी, पुढा सपाट असतानाच. पण त्याआधी जाकीट कच्च्या टाक्यांनी जोडून अंगावर चढवा, कागदाचे खिसे टाचण्यांनी लावा, कंबरेला दोन इंची नाडी बांधा आणि माणसाला खुर्चीत बसवा. खालचा कागद मांडीवर दुमडला तर खिसा पाव ते अर्धा इंच लहान करा. पट्ट्याची रेघ हलवू नका. हात खिशात घालूनही बघायला सांगा. कोपर मागे न नेता बोटं तळाला टेकली पाहिजेत.

बुशशर्ट करायचा असेल तर

ड्रिल हलकं घ्या, १७० ते २०० ग्रॅमचं. छातीला पाचाऐवजी चार इंच सैल, उंची २८, बाजूंचे कट अडीच इंच, पट्टा आणि लूप नाहीत. छातीचे दोन खिसे पुरेत. मोजायला पट्ट्याची रेघ नसल्यामुळे छातीच्या खिशाची फ्लॅपटीप दुसऱ्या बटणाच्या पातळीच्या अर्धा इंच वर आणा. चार खिसे हवेच असतील तर कंबरेची रेघ कटिंगवर तशीच काढा आणि खालचा खिसा अर्धा इंच वर घ्या, कारण मधे पट्टा नसल्यामुळे ती जागा रिकामी दिसते.

पहिली तीन-चार धुणी कपडा उलटा करून आणि सगळी बटणं लावून धुवा. नाहीतर खिशांच्या आणि पट्ट्याच्या कडा बाकीच्या कापडाआधी पांढऱ्या पडतात. इस्त्री करताना फ्लॅप उघडा, आधी खिसा दाबा, प्लीट हाताने मिटवा, मग फ्लॅप खाली घेऊन त्यावर फक्त वाफ सोडा. थेट दाबलात तर खालच्या बटणाचा गोल ठसा फ्लॅपवर उमटतो आणि गडद खाकीवर तो चकाकत राहतो.